इंडक्शन, किटली की गॅस? चंदगडच्या स्वयंपाकघरात स्वस्त काय, हे शंभराव्या युनिटनंतर बदलतं

सिलिंडरचा दर वाढला की दोन-चार दिवसांत मोबाइलवर एक ठरलेला व्हिडिओ फिरायला लागतो. इंडक्शनवर पातेलं ठेवलेलं असतं, शेजारी युनिटचा हिशेब लिहिलेला असतो आणि शेवटी सांगितलं जातं, 'गॅसपेक्षा निम्म्या खर्चात स्वयंपाक'. त्याच व्हिडिओखाली कोणीतरी लिहितं, 'आम्ही करून बघितलं, बिल दुप्पट आलं'.

गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असू शकतात. कारण इंडक्शनवर शिजवलेला भात महाग पडला की स्वस्त, हे फक्त शेगडीवर ठरत नाही. ते त्या घराच्या वीजबिलावर ठरतं. त्यातही बिलातलं शेवटचं युनिट कोणत्या दराने लागलं, यावर.

हा हिशेब समजून घ्यायला कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा चंदगड तालुका चांगला आहे. एका बाजूला बेळगाव, दुसऱ्या बाजूला सिंधुदुर्ग आणि गोव्याकडे उतरणारे घाट. भरपूर पाऊस, काजू, भात आणि विखुरलेली गावं. बऱ्याच घरांत आजही गॅस, चूल आणि विजेची एखादी किटली तिन्ही एकाच छपराखाली नांदतात. आणि बाजाराला बेळगावला गेलं की हद्दीपलीकडे विजेचा दर वेगळा, त्यामुळे उत्तरही वेगळं येतं. त्याकडे नंतर येऊ.

आधी एक सिलिंडर म्हणजे किती युनिट?

गॅस किलोत मिळतो आणि वीज युनिटमध्ये. त्यामुळे तुलना करायची तर दोन्ही एका मापात आणावं लागतं.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो. एक किलो एलपीजी जाळला की साधारण पावणेतेरा युनिट विजेइतकी उष्णता निघते. म्हणजे पूर्ण सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट झाले. पण ही सगळी उष्णता भांड्यात जात नाही. गॅसच्या शेगडीसाठी भारतीय मानकाने किमान ६८ टक्के कार्यक्षमता ठरवलेली आहे. मात्र ती प्रयोगशाळेत, योग्य मापाचं भांडं ठेवून मोजलेली असते. घरात भांडं लहान असतं, ज्योत कडेने वर येते, खिडकीतून वारा येतो, झाकण बाजूला पडलेलं असतं. अशा वेळी ५५ ते ६० टक्के धरणं जास्त प्रामाणिक आहे. म्हणजे १८० पैकी शंभर-एकशे पाच युनिटांइतकी उष्णताच अन्नापर्यंत पोहोचते, उरलेली स्वयंपाकघर तापवते.

इंडक्शनमध्ये ज्योत नसते. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि भांड्याचा तळच तापतो. त्यामुळे वाया जाणारी उष्णता कमी असते. साधारण ८५ टक्के ऊर्जा भांड्यात जाते असं धरता येतं. म्हणून सिलिंडरमधून अन्नापर्यंत पोहोचणारी तेवढीच उष्णता इंडक्शनवर मिळवायला सुमारे १२० युनिट वीज लागते.

हा १२० चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तुमच्या गावात सिलिंडर घरपोच जेवढ्याला मिळतो, त्याला १२० ने भागा. जो भाव येईल, त्यापेक्षा वीज स्वस्त मिळत असेल तर इंडक्शन परवडतं. महाग मिळत असेल तर गॅस परवडतो. शेगडी फार जुनी असेल, ज्योत पिवळी येत असेल, तर हा आकडा ११० च्या जवळ जातो. नवी शेगडी आणि रुंद भांडी असतील तर १३० कडे.

८ एप्रिल २०२५ ला घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी महागला आणि मुंबईतला दर ८५२ रुपये ५० पैसे झाला. वाहतुकीमुळे प्रत्येक जिल्ह्यात थोडा फरक पडतो, म्हणून हिशेबाला ८६० रुपये धरू. ८६० भागिले १२०, म्हणजे ७ रुपये १७ पैसे. ही झाली सीमारेषा.

आता महाराष्ट्रात एक युनिट सात रुपयांना मिळतं का?

मिळतं. पण पहिली शंभरच.

महावितरणच्या घरगुती दरात टप्पे आहेत. महिन्याला शंभर युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. २०२४-२५ चं दरपत्रक जून २०२५ पर्यंत लागू होतं. त्यात पहिल्या टप्प्याचा वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता आणि दुसऱ्या टप्प्याचा १० रुपये २९ पैसे. त्यावर प्रत्येक युनिटमागे १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार दर महिन्याला बदलतो, तो बाजूला ठेवला तरी पहिल्या शंभरातलं युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडत होतं. शंभर ओलांडल्यावरचं प्रत्येक युनिट १३ रुपये २९ पैशांना.

सात रुपये १७ पैशांची सीमारेषा या दोन आकड्यांच्या दरम्यान आहे. पहिल्या टप्प्यात इंडक्शन गॅसपेक्षा किंचित स्वस्त आणि दुसऱ्या टप्प्यात पाऊल टाकलं की जवळपास दुप्पट महाग. 'निम्म्या खर्चात' म्हणणारा आणि 'बिल दुप्पट' म्हणणारा, यांच्यात फरक एवढाच असू शकतो की त्यांच्या घरांचं मीटर या रेषेच्या वेगवेगळ्या बाजूंना होतं.

जुलै २०२५ पासून पहिल्या टप्प्याचा दर सुमारे दहा टक्क्यांनी खाली येईल, असं राज्य सरकारने जाहीर केलं. तसा तो आला की पहिल्या शंभर युनिटांत इंडक्शनची बाजू थोडी बळकट होते. पण पायरी तिथेच राहते. म्हणून हे आकडे वाचताना स्वतःच्या ताज्या बिलातले दर घालून बघावेत. पद्धत तीच लागते.

इथे एक नेहमीची चूक होते. लोक बिलाची एकूण रक्कम घेतात, तिला एकूण युनिटांनी भागतात आणि 'आम्हाला वीज नऊ रुपयांना पडते' असं म्हणतात. हा सरासरी दर झाला. त्यात स्थिर आकारही मिसळलेला असतो. तो तर इंडक्शन लावा किंवा लावू नका, भरावाच लागतो. इंडक्शनची युनिटं मात्र सरासरीत जात नाहीत. घरातले दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही आधीपासून चालू असतात आणि इंडक्शन त्यांच्या डोक्यावर येऊन बसतं. त्यामुळे त्याला लागणारा दर नेहमी शेवटच्या युनिटाचा असतो.

पाच माणसांच्या घराचा हिशेब

उदाहरणासाठी चंदगड तालुक्यातल्या एखाद्या गावातलं पाच माणसांचं घर धरू. सकाळ-संध्याकाळ चहा, दोन वेळा भात-आमटी, भाजी आणि भाकरी. आंघोळीचं पाणी चुलीवर किंवा बंबात तापतं, ते यात नाही. या घरात सिलिंडर चाळीस दिवस जातो. वीज महिन्याला ७० युनिट लागते.

गॅसवर सगळा स्वयंपाक केला तर दिवसाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. खर्च दिवसाला साडेएकवीस रुपये, महिन्याला ६४५.

आता हेच सगळं इंडक्शनवर न्यायचं ठरवलं. चाळीस दिवसांना १२० युनिट, म्हणजे दिवसाला तीन आणि महिन्याला ९०. पण घरात आधीच ७० युनिट लागतात. त्यामुळे या नव्वदांपैकी पहिली तीसच स्वस्त दराने मिळतात, त्यांचे होतात २०५ रुपये. उरलेली साठ युनिटं दुसऱ्या टप्प्यात जातात, त्यांचे ७९७. एकूण एक हजार दोन रुपये. म्हणजे दिवसाला साधारण तेहतीस रुपये, गॅसपेक्षा बारा रुपयांनी जास्त.

पण त्याच घराने ठरवलं की इंडक्शन आणि किटली मिळून रोज फक्त एक युनिट वापरायचं, तर चित्र बदलतं. एका युनिटात साधारण चार लिटर पाणी उकळतं, एक कुकर भात-डाळ होते आणि एक भाजी होते. महिन्याला तीस युनिटं झाली, मीटर शंभरावर थांबला, खर्च २०५ रुपये. त्या बदल्यात पाव सिलिंडर वाचला, त्याची किंमत २१५ रुपये.

म्हणजे महिन्याची बचत दहा रुपये.

आकडा निराशाजनक आहे, पण खरा आहे. दोन-अडीच हजारांची शेगडी आणि वर एक नवा कुकर घेतला तर दहा रुपयांनी ते पैसे या जन्मात निघत नाहीत. या घराला इंडक्शनचा फायदा पैशांत नाही, सिलिंडर लांबण्यात आहे. चाळीस दिवसांचा सिलिंडर पन्नास दिवसांच्या पुढे जातो. ज्या वाडीवर नंबर लावल्यावर गाडी चार दिवसांनी येते, तिथे याला किंमत आहे, फक्त ती बिलात दिसत नाही.

शेजारच्या घरात फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर आहे आणि आधीच १४० युनिट लागतात, असं समजा. त्यांच्यासाठी इंडक्शनचं पहिलं युनिटच १३ रुपये २९ पैशांचं आहे. पूर्ण स्वयंपाक इंडक्शनवर नेला तर महिन्याला जवळपास बाराशे रुपये. गॅसवर तोच स्वयंपाक ६४५ मध्ये होतो.

आणि घरात उज्ज्वला योजनेचा सिलिंडर असेल तर तुलनाच संपते. ऑक्टोबर २०२३ पासून या योजनेत सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान आहे, वर्षाच्या ठरावीक सिलिंडरांपुरतं. ८६० चा सिलिंडर ५६० ला पडला की सीमारेषा ४ रुपये ६७ पैशांवर येते. या भावात महावितरणचं पहिल्या टप्प्यातलं युनिटही मिळत नाही. शिवाय राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत. त्या तीन सिलिंडरांशी स्पर्धा करणारी वीज फक्त स्वतःच्या छपरावरच्या सोलरची.

दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांसाठी विजेचा वेगळा, बराच कमी दर आहे. तो बघून कोणाला वाटेल की या घरांनी तरी इंडक्शन घ्यावं. पण त्या सवलतीला वर्षाला ३६० युनिटांची मर्यादा आहे. रोज तीन युनिटांचा स्वयंपाक केला तर ती चार महिन्यांत संपते. दिवे आणि पंखा तर अजून मोजलाच नाही. मर्यादा ओलांडली की पुढे सवलतीचा दरच हातचा जाऊ शकतो.

किटली वेगळी का मोजायची?

किटलीकडे लोक दोन टोकांनी बघतात. काहींना वाटतं ती वीज खाते, कारण खाली १५०० वॅट लिहिलेलं असतं. काहींना वाटतं ती फुकटच आहे, कारण चार मिनिटांत बंद होते. खरं उत्तर पाण्याच्या मापात आहे.

एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ठरावीक उष्णता लागते. कोणत्याही साधनाने ती बदलत नाही. किटलीत तापणारा भाग पाण्याला लागूनच असतो आणि वर झाकण असतं, म्हणून जवळजवळ ९० टक्के ऊर्जा पाण्यात जाते. एका लिटरला सुमारे एक दशांश युनिट. इंडक्शनवर त्याहून अगदी थोडं जास्त. गॅसवर साधारण बारा ग्रॅम.

पैशांत सांगायचं तर पहिल्या टप्प्यात किटलीवर लिटरभर पाणी ६६ पैशांना उकळतं, गॅसवर ७० ते ७५ पैशांना. दुसऱ्या टप्प्यात किटलीचा खर्च १ रुपया ३० पैसे होतो. दिवसाला चार लिटर उकळलं तरी महिन्याचा फरक एका बाजूला दहा रुपयांच्या आत आणि दुसऱ्या बाजूला सत्तर रुपयांच्या आसपास.

किटलीचं खरं नुकसान दरात नाही, सवयीत आहे. दोन कप चहाला तीनशे मिली पाणी पुरतं. त्याला पहिल्या टप्प्यात वीस पैसे लागतात. पण किटली दीड लिटरची असते आणि हात नळाखाली धरला की ती भरूनच निघते. दीड लिटर उकळायला एक रुपया. दोन कप ओतून घेतले, उरलेलं पाणी थंड झालं, दुपारी पुन्हा बटण दाबलं. एका चहाचे पाचपट पैसे गेले आणि कोणाला कळलंही नाही. गॅसवर ही चूक सहसा होत नाही, कारण पातेल्यात आपण मोजूनच पाणी टाकतो.

आपल्याकडचा चहा दुधाचा, हीसुद्धा अडचण आहे. किटलीत दूध उकळू नये. ते तळाला चिकटून करपतं, उतू जाऊन झाकणाच्या खटक्यात शिरतं आणि किटली आपोआप बंद होणं बिघडतं. त्यामुळे चहाचा अर्धा भाग किटलीवर आणि अर्धा गॅसवर, असंच होतं. किटलीचा उपयोग जास्त दिसतो तो कुकरसाठी उकळतं पाणी घ्यायला, भिजवलेल्या कडधान्यावर ओतायला, आजारी माणसाला रात्री गरम पाणी द्यायला. एका कामासाठी गॅस पेटवून पातेलं तापवणं टळतं.

भाकरी कुठे भाजायची?

इंडक्शनच्या हिशेबात भाकरी बहुतेक वेळा विसरली जाते, आणि चंदगडमध्ये ती विसरून चालत नाही. तव्यावर एक बाजू भाजली की भाकरी आचेवर धरून फुगवतात. इंडक्शनला ज्योतच नाही. सपाट तळाच्या लोखंडी तव्यावर भाकरी होते, कापडाने दाबून फुगतेही, पण वेळ लागतो आणि घरातल्या जुन्या, मध्ये खोलगट झालेल्या तव्यावर ती नीट होत नाही, कारण तव्याचा कडेचा भाग काचेपासून वर राहतो आणि फक्त मधलाच तापतो.

भांड्यांचंही तसंच. ॲल्युमिनियमचा कुकर, पितळेचं पातेलं, मातीचं भांडं इंडक्शनवर तापत नाही. तपासायला दुकानदाराची गरज नाही. फ्रिजवरचा लोहचुंबक भांड्याच्या तळाला लावावा, घट्ट चिकटला तर चालेल. काही स्टीलच्या भांड्यांना तो जेमतेम चिकटतो. अशी भांडी इंडक्शनवर तापतात पण हळू, आणि शेगडी मधूनमधून बंद-चालू होत राहते.

आणखी एक गोष्ट विजेच्या माणसाला विचारूनच ठरवावी. दोन हजार वॅटची शेगडी जवळपास नऊ ॲम्पिअर ओढते. मोबाइल चार्जर लावतो तो लहान प्लग सहा ॲम्पिअरचा असतो. पिन मोठी असली तरी अडॅप्टर लावून त्यात शेगडी घातली, तर काही दिवसांनी प्लग पिवळा पडतो, जळका वास येतो. सोळा ॲम्पिअरचा वेगळा पॉइंट आणि जाड वायर हवी. हा खर्चही शेगडीच्या किमतीतच धरायला हवा.

दाब कमी असेल तेव्हा

ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या वस्तीवर संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. २३० च्या जागी १८० आलं की किटली आणि इंडक्शन वेगवेगळं वागतात, आणि त्यावरून बरेच गैरसमज होतात.

किटलीत साधी तार तापते. व्होल्टेज कमी झालं की तिची ताकद त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १५०० वॅटची किटली १८० व्होल्टला साधारण ९०० वॅटचीच उरते. चार मिनिटांत उकळणारं लिटरभर पाणी साडेसहा मिनिटं घेतं. घरच्यांना वाटतं किटली जास्त वीज खातेय. तसं नसतं. कमी ताकद आणि जास्त वेळ यांचा गुणाकार जवळपास तेवढाच येतो. जास्त वेळ उघडं राहिल्यामुळे थोडी उष्णता वाया जाते, एवढंच.

इंडक्शन मात्र इलेक्ट्रॉनिक आहे. दाब एका मर्यादेखाली गेला की पडद्यावर चूक दाखवणारा संकेत येतो आणि शेगडी बंद पडते. कुकरला वाफ धरत असताना हे झालं की भात अर्धवट राहतो आणि शेवटी तो गॅसवरच पुरा करावा लागतो. पावसाळ्यात झाड पडून तार तुटली की दोन्ही साधनं नुसतीच भिंतीला टेकून राहतात. म्हणूनच तालुक्यात गॅस पूर्ण सोडून इंडक्शनवर जाणं हा पैशांच्या आधी वीजपुरवठ्याचा प्रश्न आहे.

सरकारचा दावा आणि हद्दीपलीकडचं उत्तर

केंद्र सरकारच्या ईईएसएल या कंपनीने २०२३ मध्ये देशभरात वीस लाख इंडक्शन शेगड्या देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. पारंपरिक पद्धतींपेक्षा २५ ते ३० टक्के स्वस्त, असा त्यामागचा दावा होता. देश म्हणून त्याचं कारण समजण्यासारखं आहे. भारताला लागणाऱ्या एलपीजीचा निम्म्याहून जास्त भाग आयात होतो, तोही मुख्यतः आखाती देशांतून. पण घर म्हणून हा दावा तपासला तर ८६० च्या सिलिंडरपेक्षा २५ टक्के स्वस्त पडायला सगळे कर धरून युनिट ५ रुपये ३८ पैशांना मिळायला हवं. २०२४-२५ च्या महाराष्ट्राच्या दरपत्रकात सर्वसाधारण घरगुती ग्राहकाला ते पहिल्या टप्प्यातही मिळत नव्हतं.

चंदगडहून बेळगावकडे निघालं की थोड्याच वेळात हद्द लागते. सिलिंडरचा दर दोन्हीकडे जवळपास सारखा. पण कर्नाटकने एप्रिल २०२४ पासून घरगुती विजेचे टप्पेच काढून टाकले आणि सगळ्या युनिटांना एकच दर ठेवला. तो आधी ५ रुपये ९० पैसे होता, २०२५-२६ साठी ५ रुपये ८०. अधिभार आणि कर धरून युनिट पावणेसातच्या आसपास पडतं. पहिलं युनिटही त्याच दराने आणि दोनशेवंही त्याच दराने.

आपलं सत्तर युनिटांचं घर उचलून हद्दीपलीकडे ठेवलं, तर इंडक्शनच्या नव्वद युनिटांचे सहाशे-सव्वासहाशे रुपये होतात. चंदगडच्या बाजूला त्याचे एक हजार दोन होत होते. शेगडी तीच, भात तोच. बेळगावकडच्या घराला पूर्ण स्वयंपाक इंडक्शनवर नेऊन थोडा फायदा होतो आणि चंदगडच्या घराला साडेतीनशेचा तोटा.

तिकडे गृहज्योती योजनेत दोनशे युनिटपर्यंत वीज मोफत आहे, मग इंडक्शन फुकटच, असाही एक समज हद्दीच्या अलीकडे ऐकू येतो. तो पूर्ण खरा नाही. मोफत युनिटं सरसकट दोनशे नसतात. त्या घराचा आधीचा सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के, एवढीच मिळतात. सरासरी सत्तर असेल तर मोफत ७७. इंडक्शन लावून वापर १६० वर गेला तर मधल्या ८३ युनिटांचे पैसे द्यावे लागतात. आणि वापर दोनशेच्या वर गेला तर त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. तिथेही एक पायरी आहे, फक्त ती वेगळ्या ठिकाणी आहे.

आपल्या घराची पायरी कशी शोधायची?

मागच्या बारा महिन्यांचा वापर बिलावर छापलेला असतो. त्यातला सगळ्यात जास्त महिना बघावा, सरासरी नाही. उन्हाळ्यात पंख्यांमुळे ९५ वर जाणाऱ्या घराला मे महिन्यात इंडक्शनसाठी पाचच युनिटं शिल्लक असतात, आणि डिसेंबरमध्ये पन्नास. त्यामुळे तेच घर हिवाळ्यात रोज एक कुकर इंडक्शनवर लावू शकतं आणि उन्हाळ्यात नाही.

शेगडीचा खर्च मोजायला सोपा हिशेब आहे. पडद्यावर जेवढे वॅट दिसतात त्याला मिनिटांनी गुणायचं आणि साठ हजारांनी भागायचं, युनिटं मिळतात. १२०० वॅटवर वीस मिनिटं म्हणजे ०.४ युनिट. यावर विश्वास नसेल तर फ्रिजसह घरातलं बाकी सगळं थोडा वेळ बंद करून मीटरचा आकडा आधी आणि नंतर टिपावा. गॅससाठी तर वजनकाटाच आहे. सिलिंडरच्या कड्यावर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. नवा सिलिंडर आला त्या दिवशी आणि दहा दिवसांनी वजन केलं की रोज किती गॅस जातो ते कळतं. तो साडेतीनशे ग्रॅमच्या बराच वर असेल आणि माणसं पाचच असतील, तर इंडक्शन घेण्याआधी बर्नर साफ करून घ्यावा, ज्योत भांड्याच्या तळाबाहेर जाऊ देऊ नये आणि झाकण ठेवावं. सिलिंडर चाळीसऐवजी पंचेचाळीस दिवस गेला तर महिन्याला सत्तर रुपये वाचतात. वरच्या घराला इंडक्शनने वाचवून दिले होते दहा.